मदत हवी आहे: पाण्याच्या टाकीच्या कॉलमला मोमेंट तिप्पट येतोय

खडीवाला: १ लाख लिटरची चौकोनी टाकी, चार कॉलम, १२ मीटर स्टेजिंग. हाताने काढलं तर वाऱ्याचा मोमेंट कॉलमला २ टन-मीटर, स्टॅड सॉफ्टवेअरमध्ये ६. उद्या ड्रॉइंग द्यायचंय. कुठे चुकतंय?

वाळूघाट: ब्रेस किती? वारा किती? पाया फिक्स की पिन? आम्ही काय पत्रिका मांडून सांगायचं?

खडीवाला: राहिलंच. वारा एकूण ४ टन, पायापासून १४ मीटरवर. कॉलम ४ मीटर अंतरावर, पाया फिक्स, दर ४ मीटरला कॉलम जोडणारे आडवे ब्रेस. ब्रेस नुसते बांधून ठेवायला, म्हणून त्यांची टोकं बिजागरीसारखी सोडली:

```
MEMBER RELEASE
13 TO 20 START MY MZ
13 TO 20 END MY MZ
```

सह्याद्री७२: बरोबर आहे. ब्रेस कॉलम वाकून मोडू नये म्हणूनच असतात. ६ धरा आणि मोकळे व्हा.

ओळंबा: अर्धंच बरोबर. ब्रेसमुळे कॉलमची मोकळी उंची कमी होते, पण वाऱ्यात चारही कॉलम एकाच बाजूला सारखेच झुकतात. सांधा बिजागरीसारखा असेल तर ब्रेसही त्यांच्यासोबत सरकतो, अडवत काहीच नाही. प्रत्येक कॉलमला १ टन, उंची १२, वर टाकी आणि खाली पाया घट्ट, म्हणून १ × १२ / २ = ६. सांधा घट्ट केला की कॉलम दर ४ मीटरला उलटा वाकतो: १ × ४ / २ = २. ते फुकट मिळत नाही. सांध्याच्या वरचे २ आणि खालचे २, असे ४ टन-मीटर ब्रेसच्या टोकाला जातात. वारा उलटला की तेही उलटतात, म्हणून ब्रेसला वर-खाली सळई सारखीच द्या.

पोलादी: एवढ्या भानगडीपेक्षा अँगलचे तिरपे ब्रेस लावा. काम संपलं.

ओळंबा: आरसीसी कॉलमला? अँकर प्लेटा कोण बसवणार, दर काही वर्षांनी रंग कोण मारणार?

पोलादी: आरसीसी सांध्यात सळयांची गर्दी होऊन काँक्रीट पोकळ राहतं, ते चालतं वाटतं?

गच्चीवरून: आमच्या गच्चीवरची प्लास्टिकची टाकी वाऱ्याने हलते. ब्रेस लावू का?

वाळूघाट: ती रिकामी ठेवू नका. इथला विषय वेगळा आहे.

खडीवाला: रिलीज काढलं. तळाच्या कॉलमला २.४ आले, २ नाही. आणि पाण्याचा दाब कॉलमला आडवा ढकलत नाही का?

ओळंबा: पायाशी कॉलम घट्ट आणि ब्रेस थोडा लवचीक, म्हणून तळाला २ पेक्षा जास्त येणारच. साचलेलं पाणी समोरासमोरच्या भिंतींना सारखंच ढकलतं, ते टाकीतच मिटतं. कॉलमला जातं फक्त वजन. रिकामी टाकी किती टन?

खडीवाला: ८०.

ओळंबा: मग भरलेली १८०, कॉलमला ४५. वाऱ्याची ओढ तळच्या पॅनलच्या मध्यापासून मोजा, म्हणजे १४ - २ = १२ मीटर: ४ × १२ = ४८, भागिले ४ मीटर, म्हणजे एका बाजूला १२, कॉलमला ६. भरलेल्यात वाऱ्याआडच्या कॉलमला ५१, रिकाम्यात वाऱ्याकडच्याला २०-६ = १४. वारा कर्णावर घेतला तर ६ चे साधारण ८.५ होतात, तोही तपासा. पाया उचलला जातो का, हे रिकाम्या टाकीवरच बघायचं. भूकंपाला मात्र पाण्याचं वस्तुमानही आडवं येतं, तिथे भरलेली टाकी घ्या.

सह्याद्री७२: म्हणजे जुन्या टाक्यांचे गंजलेले ब्रेस काढून नवे नुसते बोल्टने बसवतात, ते कसं चालतं?

पोलादी: म्हणून तर तिरपे म्हणतोय.