प्रवाशांची साक्षच नाही, मग बडतर्फी टिकते कशी?

संकेश्वरचा_सुधीर:
माझा मामेभाऊ बसवर कंडक्टर होता. बेळगाव-निपाणी फेरीत संकेश्वरच्या अलीकडे चेकिंग पथकाने गाडी थांबवली. सहा जण विनातिकीट सापडले, दोन पुरुष आणि चार बायका. आरोप असा की सहाही जणांकडून पैसे घेतले आणि तिकीट दिलं नाही. चौकशीत एकटा चेकिंग इन्स्पेक्टर साक्षीला आला. प्रवाशांपैकी कुणालाच बोलावलं नाही. तरी आरोप सिद्ध धरून बडतर्फ केलं, खात्यातलं अपीलही फेटाळलं. आता धारवाडला हायकोर्टात रिट टाकायची म्हणतो. पुरावाच नाही, एवढ्या मुद्द्यावर ऑर्डर रद्द होते का?

लॉ_थर्ड_इयर_टिळकवाडी:
होणारच. 'नो एव्हिडन्स' रूल हेच सांगतो. एच. सी. गोयल केस वाचा, १९६३. एका सरकारी इंजिनिअरने वरिष्ठाला शंभराची नोट द्यायचा प्रयत्न केला असा आरोप होता. वरिष्ठाला दिसला तो घडी घातलेला कागद. ती नोटच होती हे सिद्ध होईना. सुप्रीम कोर्ट म्हणालं, संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याच्या जागी बसत नाही, खातेनिहाय चौकशीतही नाही. इथे तर पैसे देणाराच साक्षीला नाही. पहिल्या तारखेला स्टे मिळेल.

निवृत्त तपासनीस:
अहो थर्ड इयर, जरा दमानं. मी बरीच वर्षं लाइन चेकिंगला होतो. लग्नाला निघालेला प्रवासी महिन्या-दोन महिन्यांनी डेपोत साक्ष द्यायला येतो होय? पत्ता सांगतो चिकोडीचा, राहतो मुंबईत. प्रवाशाशिवाय आरोप सिद्धच होत नाही असं धरलं तर एकाही कंडक्टरवर कारवाई व्हायची नाही. आणि हे कोर्टानंच सांगितलंय, हरियाणाच्या रतन सिंगच्या केसमध्ये, १९७७ साली. तोही कंडक्टरच. तिथंही प्रवाशांचे जबाब नव्हते. पथकातल्या इन्स्पेक्टरची साक्ष पुरेशी धरली. आपल्याकडचं बघायचं तर केएसआरटीसी विरुद्ध ए. टी. माने. बॅगेत हिशेबापेक्षा ९३ रुपये जास्त निघाले होते. प्रवासी तपासले नाहीत म्हणून काही बिघडलं नाही, बडतर्फी कायम झाली.

लॉ_थर्ड_इयर_टिळकवाडी:
मग गोयल केस चुकीची का?

ॲडव्होकेट_धारवाड_रोड:
दोन्ही बरोबर आहेत. तुम्ही दोघं वेगवेगळ्या वस्तुस्थितीबद्दल बोलताय.

रतन सिंगच्या केसमध्ये इन्स्पेक्टरने स्वतः बस तपासली होती. त्याची साक्ष हा पुरावाच. प्रवासी त्याला जे बोलले ते ऐकीव असलं तरी खातेनिहाय चौकशीत ऐकीव गोष्टीला बंदी नाही, तिचा आरोपाशी संबंध असला आणि ती विश्वास ठेवण्याजोगी असली म्हणजे झालं. थोडासा का होईना पुरावा आहे म्हटल्यावर तो पुरेसा होता का हे हायकोर्ट बघत नाही. १९६३ च्या सय्यद याकूब केसपासून हीच रेघ आहे: वस्तुस्थितीचा निष्कर्ष चुकला तर तो हायकोर्टाचा विषय नाही, पण शून्य पुराव्यावर काढलेला निष्कर्ष ही कायद्याची चूक ठरते आणि तिथे हात घालता येतो.

सगळा घोळ 'शून्य' कशाला म्हणायचं यात आहे. पूर्ण फाइल एकदम हातात घेऊन पुरावा आहे की नाही असं विचारायचं नसतं. आरोपाचे तुकडे करायचे. सुधीर, तुमच्या भावाच्या केसमध्ये पहिला तुकडा असा की सहा जणांकडे तिकीट नव्हतं. हे इन्स्पेक्टरने डोळ्यांनी पाहिलं, इथे पुरावा नाही म्हणून भांडू नका. दुसरा तुकडा असा की त्या सहा जणांकडून पैसे घेतले होते. हे इन्स्पेक्टरला कुठून कळलं? त्याच्या रिपोर्टमध्ये "प्रवाशांनी पैसे दिल्याचे सांगितले" असं वाक्य असेल तर रतन सिंग तुमच्या विरोधात जातं. ते वाक्य नसेल, तर या एका तुकड्यापुरता पुरावा खरोखरच शून्य आहे आणि तिथे गोयल कामाला येते.

रिपोर्टची नक्कल आहे का? नेमके शब्द टाका.

संकेश्वरचा_सुधीर:
नक्कल आहे. कन्नडमधून मराठीत लिहितो: "एकूण सहा प्रवासी विनातिकीट आढळले, पैकी दोघा पुरुषांनी बेळगावहून बसल्याचे व भाडे दिल्याचे सांगितले. चार महिला प्रवासी." बायकांबद्दल एवढंच आहे. पुढे कॅश मोजल्याची नोंद आहे. वेबिलापेक्षा, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदापेक्षा, १४ रुपये कमी निघाले.

ॲडव्होकेट_धारवाड_रोड:
ही तारीख जून २०२३ नंतरची का?

संकेश्वरचा_सुधीर:
होय, मागच्या वर्षीची.

ॲडव्होकेट_धारवाड_रोड:
मग बघा. कर्नाटकात शक्ती योजना ११ जून २०२३ ला सुरू झाली. राज्यातल्या बायकांना साध्या बसमध्ये भाडं नाही, कंडक्टरने शून्य रकमेचं तिकीट फाडायचं. त्या चौघींना ते दिलं नसेल तर कामात कसूर झाली, ती वेगळी. पण ज्यांना भाडंच नाही त्यांच्याकडून भाडं घेऊन खिशात घातलं, हा निष्कर्ष आला कुठून? रिपोर्ट त्याबद्दल काही बोलत नाही. चौकशी अधिकाऱ्याने 'सहा' हा आकडा उचलला आणि दोन पुरुषांचं वाक्य सगळ्यांना लावून टाकलं. चार जणींपुरता पुरावा शून्य.

दोन पुरुषांचं मात्र तसं नाही. तिथे पुरावा आहे. कमकुवत असेल, पण आहे. तिथे शून्य पुराव्याचा मुद्दा चालणार नाही, 'पर्व्हर्स फाइंडिंग'चा चालू शकतो. म्हणजे पुरावा असूनही कुठलाही शहाणा माणूस त्यावरून असा निष्कर्ष काढणार नाही, किंवा फाइलीतली महत्त्वाची गोष्ट बघितलीच नाही. १४ रुपये कमी निघाल्याची नोंद पथकाच्याच कागदावर आहे. चौकशी अहवालात तिचा उल्लेख तरी आहे का?

संकेश्वरचा_सुधीर:
एका शब्दानंही नाही.

निवृत्त तपासनीस:
वकीलसाहेब, तुमचं कायद्याचं ज्ञान मोठं, पण बस तुम्ही खिडकीतून बघता. ज्या बाईकडे आधार नसतं तिला तिकीट लागतंच. कंडक्टर तिच्याकडून रोख घेतो, तिकीट देत नाही, हे रोजचं आहे. आणि १४ रुपये कमी म्हणून काय झालं? चोरीचा पैसा बॅगेत कुणी ठेवतं? तो खिशात जातो. बॅग कमी भरण्यानं कुणी प्रामाणिक ठरत नाही.

ॲडव्होकेट_धारवाड_रोड:
तुम्ही म्हणता ते घडत असेलही. पण त्या दिवशी, त्या चौघींच्या बाबतीत तसं घडलं हे कुणीतरी लिहायला हवं होतं. "महिलांकडे ओळखपत्र नव्हते" एवढी एक ओळ इन्स्पेक्टरने लिहिली असती तर माझा अर्धा मुद्दा गेला असता. असं नेहमी घडतं, हा तुमचा अनुभव झाला. तो अनुभव रेकॉर्डवर पुरावा म्हणून येत नाही. खिशाचं मात्र मान्य. म्हणूनच १४ रुपयांनी भाऊ निर्दोष ठरतो असं मी म्हणत नाही. ती नोंद तोलून बाजूला ठेवली असती तर हायकोर्ट काही बोललं नसतं. तिच्याकडे बघितलंच नाही, हा आक्षेप आहे.

खानापूरचे काका:
चांगली चर्चा चाललीया. आमच्या वडलांचा फॉर्म ७, कूळ म्हणून जमीन मागायचा अर्ज, पण असाच फेटाळला की ओ! लँड ट्रिब्युनलनं ८१ साली सांगितलं, तुम्ही कूळ नव्हे. पहाणीत, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यात, आमचं नाव होतं, तरी कुणी बघितलं नाही. आता धारवाडला जाऊन नव्यानं साक्षीदार घालता येतील काय? गावात दोन म्हातारे अजून हाईत.

ॲडव्होकेट_धारवाड_रोड:
काका, नवे साक्षीदार तिथे चालत नाहीत. अधिकाऱ्यासमोर तेव्हा काय होतं तेवढंच बघतात. पहाणीतल्या नोंदीकडे काणाडोळा हा मुद्दा तेव्हा जोरदार होता. आता इतक्या वर्षांच्या उशिराचं उत्तर आधी द्यावं लागेल, आणि ते अवघड आहे. जुनी ऑर्डर घेऊन कुणाला तरी प्रत्यक्ष भेटा.

पॅनलवरचा_वकील:
मी खात्यांच्या बाजूने उभा राहतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. 'पर्व्हर्स' हा शब्द आमच्या धंद्यात रबरासारखा ताणला जातो. अपील करता येत नाही म्हणून रिटमध्ये तेच अपील पर्व्हर्स नावाने येतं. एक नोंद बघितली नाही, दुसरा कागद बघितला नाही, असं करत करत सगळा पुरावा पुन्हा तोलला जातो. चौकशी अधिकारी हा न्यायाधीश नसतो. डेपोतला माणूस आहे, त्याच्याकडून प्रत्येक नोंदीवर परिच्छेद लिहून घ्यायचा का?

दुसरं असं. चार बायकांचा भाग गळाला तरी दोन पुरुषांचा उरतोच. ओरिसाच्या बिद्याभूषण मोहापात्र केसपासून स्पष्ट आहे की उरलेला सिद्ध आरोप शिक्षेला पेलण्याइतका गंभीर असेल तर कोर्ट शिक्षा मोडत नाही. दोन प्रवाशांचं भाडं खाल्लं तरी विश्वासघात तोच.

लॉ_थर्ड_इयर_टिळकवाडी:
पण कुलदीप सिंग केस? दिल्लीचा कॉन्स्टेबल. ज्या मजुरांच्या तक्रारीवर सगळं उभं होतं ते मजूर चौकशीत आलेच नाहीत. सुप्रीम कोर्टाने ऑर्डर मोडली. तिथे कुणी म्हणालं नाही की रबर ताणतोय.

पॅनलवरचा_वकील:
तिथे तक्रारीच्या कागदापलीकडे स्वतः काही पाहिलेला माणूसच नव्हता. इथे इन्स्पेक्टर बसमध्ये चढला होता. तुमच्या वहीत दोन्ही केसेस एकाच पानावर लिहिल्यात वाटतं.

ॲडव्होकेट_धारवाड_रोड:
हा फरक मला मान्य आहे. बिद्याभूषणचा मुद्दाही गंभीर आहे, सुधीर यांनी तो हलक्यात घेऊ नये. फक्त बडतर्फीची ऑर्डर एकदा नीट वाचा. शिक्षा ठरवताना 'सहा प्रवासी' हेच कारण दिलं असेल, तर दोनच प्रवासी असते तरी हीच शिक्षा दिली असती का, हा प्रश्न मोकळा राहतो. काही न्यायाधीश तेवढ्यासाठी प्रकरण खात्याकडे परत पाठवतात, काही नाही पाठवत. मी खात्री देणार नाही.

डेपोतल्या माणसाकडून निबंध नको, हेही खरं. पण आरोप पैशाचा असताना कॅश मोजल्याची नोंद वाचायला कायद्याची पदवी लागत नाही.

आणि एक गोष्ट सगळ्यात आधी सांगायला हवी होती. थेट रिट कशाला? कंडक्टर हा कामगार आहे, त्याला लेबर कोर्ट आहे. तिथे पुरावा पुन्हा तोलण्याचा आणि शिक्षा कमी करण्याचा अधिकार कायद्यानेच दिलाय. पुरावा अपुरा होता, हा जो मुद्दा हायकोर्टात दाराबाहेर राहतो, तो तिथे आत घेता येतो. लेबर कोर्टाचा निकाल विरोधात गेला तर मग धारवाड, आणि तेव्हा अरुंद दारातून जावं लागेल. मुदतीचं मात्र याच आठवड्यात विचारून घ्या.

संकेश्वरचा_सुधीर:
आमचे वकील म्हणाले लेबर कोर्टात फार वेळ जातो.

निवृत्त तपासनीस:
जातो. रिटमध्ये पण जातो. तिथं तर आधी "पर्यायी मार्ग आहे, तिकडं जा" म्हणून परत पाठवतात, वर्ष गेल्यावर. माझं मत अजून तेच आहे, दोन गड्यांनी पैसे दिले म्हटलं म्हणजे दिले. पण एक सांगतो, फुकट. तिकीट मशीनमध्ये प्रत्येक तिकिटाची वेळ आणि स्टेज असते. त्या फेरीचा डेटा लेखी मागा. गाडी थांबवली त्या मिनिटापर्यंत तिकिटं निघत होती असं दिसलं तर गर्दीत तिकिटं फाडायचं चालूच होतं म्हणता येईल. पण ते दोघं बेळगावहून बसलेले आणि संकेश्वर आलं तरी तिकीट नाही, याला काय उत्तर हाय ते भावाला विचारून ठेवा. लेबर कोर्टात पहिला प्रश्न तोच येणार.

संकेश्वरचा_सुधीर:
तो म्हणतो, ते बेळगावहून नाही, हत्तरगीला चढले. हे त्याने चौकशीत लेखी दिलं होतं.

ॲडव्होकेट_धारवाड_रोड:
मग त्या लेखी उत्तरावर डेपोची पोच आहे का ते आज रात्रीच शोधा.