नातेवाइकाला संवाद नको, नियम द्या

«चिडलेल्या नातेवाइकांशी कसं बोलायचं याचा सराव म्हणून हॉस्पिटलमधल्या सिस्टरांचा रोल-प्ले घेतो, पण नातेवाईक झालेला माणूस शेवटपर्यंत ओरडतच राहतो. प्रसंग लिहायचा कसा?»

त्याला पाठ केलेले संवाद देऊ नका, तीन पायऱ्या द्या. समजा, रात्रीचे आठ वाजलेत आणि वडिलांचा सीटी स्कॅन दुपारपासून रखडलाय म्हणून मुलगा काउंटरवर आलाय. पहिल्या पायरीवर तो येरझाऱ्या घालतो, दुसरीवर आवाज चढवतो, तिसरीवर हाताच्या अंतरात येतो. सिस्टर ‘शांत व्हा’ किंवा ‘ते माझ्या हातात नाही’ म्हणाल्या की तो एक पायरी चढतो. त्यांनी त्याची तक्रार त्याच्याच शब्दांत सांगून ‘दहा मिनिटांत विचारून सांगते’ अशी ठोस वेळ दिली की उतरतो. तिसरीवर मात्र बोलत राहणं चूकच. दाराची वाट मोकळी ठेवून मागे सरकायचं आणि सिक्युरिटीला बोलवायचं. प्रसंग थांबवण्याचा शब्दही आधीच ठरवा.

प्रसंग आठ मिनिटांचा असेल तर नंतरच्या चर्चेला वीस तरी द्या. आधी कसं वाटलं ते, मग काय घडलं, मग का. ‘तुम्ही चुकलात’ ऐकलं की माणूस मिटतो. त्याऐवजी सिस्टरना विचारा: ‘तुम्ही फाइलकडे बघत उत्तर दिलंत तेव्हा त्याचा आवाज चढलेला मला दिसला. तेव्हा मनात काय चाललं होतं?’ बरेचदा उत्तर येतं, ‘स्कॅन कधी होणार हे मलाच माहीत नव्हतं.’ मग दोष बोलण्याचा नाही, रेडिऑलॉजीकडून वॉर्डला वेळ कळत नाही याचा आहे, आणि तो प्रशासनाकडे लेखी गेलाच पाहिजे. त्यानंतर तोच प्रसंग पुन्हा खेळायला लावा. ही दुसरी फेरी वेळेअभावी गाळतात, ती गाळू नका.