मदत हवी आहे: व्हीपीएन चालू असूनही अ‍ॅपला मी इंदिरानगरात आहे हे कळतं कसं?

मोगऱ्याचा_वेल:
नमस्कार मंडळी. जुना सोफा आणि कपाट विकायचंय, म्हणून जुन्या सामानाच्या एका अ‍ॅपवर जाहिरात टाकते आहे. आमची कॉलनी कुठली हे अनोळखी माणसाला कळू नये म्हणून महिन्याचे पैसे भरून व्हीपीएन घेतलं. सर्व्हर सिंगापूरचा लावला. आयपी दाखवणाऱ्या साइटवर व्यवस्थित सिंगापूर दिसतं. पण ते अ‍ॅप उघडलं की वर ठसठशीत 'इंदिरानगर, नाशिक'!
फोन अँड्रॉइड १४, घरी फायबरचं वाय-फाय. आम्ही सातपैकी दुसऱ्या मजल्यावर, घरात जीपीएस धड लागतच नाही. मग पत्ता सांगतंय कोण? व्हीपीएनवाल्याने फसवलं का?

बंड्या_सातपूर:
ताई, हे डीएनएस लीक आहे. व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये किल स्विच चालू करा, ब्राउझरचं वेबआरटीसी बंद करा. फुकट सर्व्हर असेल तर गळती होणारच.

तारवाला:
बंडोपंत, गळती असते हे खरं, पण इथे तिचा संबंध नाही. गळतीतून फार तर खरा आयपी बाहेर पडेल, आणि आयपीला इंदिरानगर ठाऊकच नसतं.
ताई, एक करा. व्हीपीएन पूर्ण बंद करा आणि तीच साइट पुन्हा उघडा. कुठलं शहर दिसतं ते इथे लिहा.

मोगऱ्याचा_वेल:
बघितलं. मुंबई! मोबाइल डेटावर पुणे. नाशिक कुठेच नाही.

तारवाला:
हेच दाखवायचं होतं. आयपीवरून शहर ठरवणाऱ्या याद्या बऱ्याचदा कंपनीचं जिथून नेटवर्क बाहेर पडतं ते गाव दाखवतात. म्हणजे व्हीपीएन नसतानाही आयपीने अ‍ॅपला मुंबईच सांगितलं असतं. अ‍ॅप कॉलनीपर्यंत पोचतंय, याचा अर्थ ते आयपी बघतच नाहीये. ते थेट फोनला विचारतंय.
फोन तरी कसं सांगतो? तुमच्या घरी जीपीएस लागत नाही, हे बरोबर. पण फोनला आसपासचे सगळे राउटर ऐकू येतात: शेजाऱ्यांचा, खालच्या क्लिनिकचा, समोरच्या क्लासचा. पासवर्ड लागत नाही, जोडायचीही गरज नाही. प्रत्येक राउटर आपला एक ठरावीक क्रमांक सतत पुकारत असतो. फोन हे क्रमांक आणि कोणाचा सिग्नल किती जोरात येतोय ते गूगलकडे पाठवतो. गूगलकडे कुठला राउटर कुठे आहे याची भलीमोठी यादी आहे, ती रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांच्या फोनमधूनच तयार होते. तिथून अक्षांश-रेखांश परत येतात.
आता गंमत बघा. ही विचारणासुद्धा तुमच्या व्हीपीएनमधूनच जाते. गूगलला ती सिंगापूरहून आलेली दिसते. पण आतला मजकूर इंदिरानगरच्या राउटरांचा! पाकिटावर शिक्का कुठलाही मारा, आतल्या पत्रात घरचा पत्ता असेल तर तो वाचला जाणारच.

पाथर्डीफाटा:
अच्छा, म्हणून झालं होतं तर! आम्ही कोथरूडहून इकडे आलो, राउटर सोबत आणला. बरेच दिवस नकाशा घरात बसल्या बसल्या कोथरूड दाखवायचा. रिक्षा बोलावली की पुण्याचे चालक दिसायचे. बायको म्हणे फोन बदला.

तारवाला:
नव्या सोसायटीत आजूबाजूला ओळखीचे राउटर नसतील, म्हणून तुमच्या एकट्याच्याच जुन्या नोंदीवर भिस्त. यादी हळूहळू दुरुस्त होते. राउटरला यादीतच नको असेल तर त्याच्या नावाच्या शेवटी `_nomap` लावायचं. पण मोगरा ताईंना त्याचा उपयोग नाही, शेजाऱ्यांचे राउटर आहेतच की.

नाना_पंचवटी:
आमच्या बँकेचं अ‍ॅप व्हीपीएन लावलं की उघडतच नाही. त्याला काय करावं?

बंड्या_सातपूर:
नाना, वेगळा धागा काढा.
तारवाला, मग ताईंनी लोकेशनचं बटण बंद केलं की संपलं ना? की वाय-फायच बंद ठेवायचं?

तारवाला:
वाय-फाय बंद करून भागत नाही. अँड्रॉइडच्या लोकेशन सेटिंगमध्ये `Wi-Fi scanning` वेगळं असतं. ते चालू असेल तर वाय-फाय बंद दिसत असतानाही फोन राउटर ऐकत राहतो. लोकेशनचं मुख्य बटण बंद केलं तर चालेल, पण मग रिक्षाचं अ‍ॅप आणि नकाशे रोज रडवतील.
मी असतो तर फक्त त्या एका अ‍ॅपची परवानगी बदलली असती. `Settings` मधून `Apps`, ते अ‍ॅप, `Permissions`, `Location`. तिथे खाली `Use precise location` आहे, ते बंद करा. मग त्याला साधारण ३ चौरस किलोमीटरचा भाग कळतो, इमारत नाही. आणि जाहिरात टाकून झाल्यावर `Don't allow`. बदल केल्यावर `Force stop` करून अ‍ॅप नव्याने उघडा, नाहीतर आधी घेतलेलं ठिकाणच दिसत राहील.

मोगऱ्याचा_वेल:
केलं. नेमकं ठिकाण बंद केल्यावर वर 'इंदिरानगर' जाऊन शेजारचा भाग आला, तोही चुकीचा! मला चालतंय. मग `Don't allow` केलं, तर आता नुसतं 'नाशिक' दिसतं. सिंगापूर मात्र कधीच नाही.

तारवाला:
सिंगापूर दिसावं म्हणून अ‍ॅपला आयपीवर यावं लागेल, आणि त्याच्याकडे दुसरं काही असेल तर ते कशाला येईल? 'नाशिक' बहुधा तुम्ही आधी भरलेल्या पत्त्यातून, नाहीतर त्यांच्या सर्व्हरवर राहिलेल्या आधीच्या नोंदीतून.

बंड्या_सातपूर:
डेव्हलपर ऑप्शनमध्ये मॉक लोकेशन लावा ना. थेट सिंगापूर दाखवा, विषय खलास.

तारवाला:
लागतं, पण असं ठिकाण खोटं आहे ही खूण अँड्रॉइड स्वतःच अ‍ॅपला देतो. काही अ‍ॅप ती बघून खातं अडवतात. आणि सिंगापुरात बसून नाशिकला सोफा कोण विकणार?

मोगऱ्याचा_वेल:
😄 तेही आहेच. अ‍ॅप काढून परत टाकलं, परवानगी दिलीच नाही. त्याच मोबाइल नंबरने लॉगिन केल्या केल्या 'नाशिक' हजर. पत्ता मी प्रोफाइलमध्ये कधी भरलेला नाही, आत्ताच बघितलं.

तारवाला:
मग जुनी नोंदच असावी, पण बाहेरून ठाम सांगता येत नाही. दुसऱ्या नंबरने नवं खातं उघडून, परवानगी न देता, व्हीपीएन लावून बघा. तिथे सिंगापूर किंवा 'शहर निवडा' आलं तर खात्यातच साठवलेलं होतं.

पाथर्डीफाटा:
अवांतर: लॅपटॉपला जीपीएस नाही, तरी ब्राउझरमध्ये एका साइटने घर बरोबर दाखवलं. तेही हेच?

तारवाला:
हो. साइटने लोकेशन मागितलं आणि तुम्ही `Allow` दाबलं असणार. लॅपटॉपलाही वाय-फाय आहे. अ‍ॅड्रेस बारच्या डाव्या टोकाच्या चिन्हावर दाबलं की ती परवानगी काढता येते.

मोगऱ्याचा_वेल:
यजमानांच्या नंबरने रात्री करून बघते आणि कळवते. तोवर व्हीपीएनवाल्याला शिव्या देणं थांबवलंय. सोफा कोणाला हवा असेल तर व्यनि करा, पाच जणांचा आहे.