अनुभव धागा: ओव्हनमधले कुरकुरीत छोले, नक्की कुठे बिघडतात?

खमंग_सोलापूर
काबुली चणे भिजवून, शिजवून, ओव्हनमध्ये भाजून चहासोबत खायचे, एवढीच गोष्ट. पण निम्म्या घरांत ते पहिल्या दिवशी कुरकुरीत आणि दुसऱ्या दिवशी चिवट होतात. म्हणून धागा. वाळवणं, तापमान, वेळ, ट्रे हलवणं यांबद्दल आकड्यांनिशी लिहा. "छान होतात, करून बघा" एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या. ओव्हन कोणता तेही सांगा. इथे बहुतेकांकडे ओटीजीच असणार.

विजापूर_वेस
सगळा खेळ पाण्याचा आहे, म्हणून वजनकाटा घेऊन बसा. २०० ग्रॅम कोरडे चणे घेतलेत असं धरू. रात्रभर भिजवून शिजवले की ते साधारण साडेचारशे ग्रॅम भरतात. वाढलेलं सगळं पाणी, आणि तेच ओव्हनला बाहेर काढायचंय. चणे पुन्हा २०० ग्रॅमच्या थोडे खाली आले की कुरकुरीत झाले समजा. थोडे खाली का? कोरड्या चण्यातही थोडं पाणी असतंच, शिवाय शिजवताना चण्याचा थोडा ऐवज पाण्यात उतरतो. तेल धरून १९० च्या आसपास आले तर काम फत्ते. २२० ला थांबलात तर गरम असताना कुरकुरीत लागतील, पण सकाळी दाताला चिकटतील.

आता क्रम. शिजवलेले चणे चाळणीत निथळा, जाड सुती पंचावर एका थरात पसरा, वरून दुसऱ्या पंचाने हलके दाबा. मग तासदीड तास पंख्याखाली. एवढ्यात वीस-पंचवीस ग्रॅम उतरतात. आकडा छोटा वाटतो, पण साल कोरडं होतं आणि ट्रेमध्ये वाफेचा भपकारा उठत नाही.

ओटीजी दोन्ही रॉडवर १९० अंशांना दहा मिनिटं तापवा, ट्रे मधल्या खाचेत. पहिली २० मिनिटं तेलाशिवाय. तेवढ्यात वजन सव्वातीनशेपर्यंत येतं. मग एक चमचा तेल चोळून आणखी १५ मिनिटं, म्हणजे अडीचशेच्या आत. इथे रंग दिसायला लागतो आणि लोक ओव्हन बंद करतात. तसं करू नका. तापमान १५० वर आणा आणि आणखी २० मिनिटं द्या. शेवटी ओव्हन बंद करून दाराच्या फटीत लाकडी उलथनं अडकवा आणि अर्धा तास चणे आतच राहू द्या. तुमच्या ओव्हनला दहा मिनिटं इकडेतिकडे लागतील, काट्यावरचा आकडा मात्र तोच राहील.

तिखटजाळ
एवढा कुटाणा कशाला? २३० वर वीस मिनिटं, खल्लास. तेल आधी लावायचं नाही हे मात्र बरोबर. तेलाने पाणी आत कोंडतं, म्हणून चणे मऊ पडतात.

विजापूर_वेस
काका, तेल उशिरा लावा हे मलाही मान्य, पण कारण वेगळं. तेलाच्या पातळ थराने पाणी फारसं अडत नाही. आधी लावलं तर ओल्या सालावर तेल नीट बसत नाही, ट्रेवर उतरतं आणि तिथे जळून कडवट होतं. २३० चं म्हणाल तर वरचं साल पाच-दहा मिनिटांत करपतं आणि आतला गर ओलाच राहतो. थंड होताना ती ओल हळूहळू सालात येते आणि सगळा चणा चिवट होतो. शंका असेल तर एक चणा फोडून बघा. मध्ये पिवळसर, मेणासारखा ठिपका दिसला तर आत पाणी आहे. झालेला चणा आरपार एकसारखा फिका दिसतो आणि फोडताना टचकन आवाज येतो.

तिखटजाळ
ठिपका दिसला. पण आम्ही ते संध्याकाळीच संपवतो, त्यामुळे २३० आमच्यापुरतं खरंच.

सुताचा_गुंता
शिजवण्याबद्दल कुणी बोललं नाही. सोलापुरात बोअरचं पाणी असेल तर चणे कितीही शिट्ट्या दिल्या तरी मधून टणक राहतात. जड पाण्यातला चुना सालाला घट्ट करतो. असे चणे भाजले की दगड होतात, आणि दोष ओव्हनला मिळतो. भिजवायला आणि शिजवायला नळाचं किंवा फिल्टरचं पाणी घ्या. तेही जड असेल तर भिजवताना २०० ग्रॅमला पाव चमचा खायचा सोडा आणि एक चमचा मीठ घाला, सकाळी दोनदा धुवा. सोड्याचा हात सैल सोडलात तर साल सुटतं आणि चणे फुटतात.

कुकरमध्ये किती शिट्ट्या हे चण्याच्या जुनेपणावर आहे, त्यामुळे आकडा सांगत नाही. खूण अशी की दोन बोटांत दाबल्यावर दबला पाहिजे, पण पीठ व्हायला नको. छोल्याच्या भाजीपेक्षा एक पायरी अलीकडे थांबा. वाफ आपोआप जिरू द्या; शिट्टी उचलून वाफ सोडली की साल तडकतात.

गड्डा_यात्री
साल काढायचं की ठेवायचं?

सुताचा_गुंता
पंचावर चोळताना जे सुटतील ते उचला, नखाने सोलत बसू नका. सुटं साल ट्रेमध्ये आधी जळतं आणि सगळ्याला कडवट वास लागतो.

खमंग_सोलापूर
इथे माझा मतभेद. पूर्ण सोललेले चणे लवकर वाळतात आणि खुसखुशीत होतात. सालासकट भाजलेले कडक होतात. घरात कवळी वापरणारं कुणी असेल तर सोलाच.

बाळीवेस
मी फुटाण्यांसाठी आलो होतो. भट्टीवर मिळतात तसे ओव्हनमध्ये होतील का? हरभरे रात्रभर भिजवायचे का?

विजापूर_वेस
दादा, ती वाट वेगळी. फुटाणे न शिजवलेल्या हरभऱ्याचे असतात. हरभरा किंचित ओलवून, मुरवून, तापलेल्या वाळूत टाकतात. वाळू चारी बाजूंनी एकदम उष्णता देते, आतल्या ओलीची क्षणात वाफ होते आणि दाणा फुटतो. ओव्हनमधली हवा तेवढ्या झपाट्याने उष्णता देत नाही, त्यामुळे दाणा फुटण्याआधीच वाळून टणक होतो. लोखंडी कढईत वाळू किंवा जाड मीठ खूप तापवून मूठमूठ हरभरे टाका, जमेल. या धाग्यातले चणे फुटत नाहीत आणि फुटायलाही नकोत.

बाळीवेस
पण माझ्या ओव्हनमध्ये काही फट्‌कन उडतात! दारावर आपटतात.

विजापूर_वेस
म्हणजे ओले चणे तापलेल्या ओव्हनमध्ये गेले. सालाखाली वाफ कोंडते. पंख्याखाली नीट वाळवलेत तर क्वचित एखादा उडेल. वरच्या खाचेत ट्रे ठेवू नका, उडालेला चणा रॉडवर पडला की धूर होतो.

कडक_भाकरी
ट्रे हलवण्याबद्दल. पहिली दहा मिनिटं हात लावू नका. साल ट्रेला चिकटलेलं असतं, ओढलंत तर फाटतं. दहाव्या मिनिटाला ट्रे बाहेर काढा, ओव्हनचं दार लगेच लावा, आणि मग ट्रे हलवा. दार उघडं ठेवून आतल्या आत ट्रे ढकलत बसलात की छोट्या ओटीजीची उष्णता भसकन जाते. हलवायचं म्हणजे सुपात धान्य घोळवतात तसं: पुढून मागे ओढ आणि मनगटाचा झटका, म्हणजे कडेचे मध्ये येतात आणि खालची बाजू वर होते. नुसतं डावी-उजवीकडे केलं तर चणे घसरतात, उलटत नाहीत. आणि ट्रे परत ठेवताना मागची बाजू पुढे करा. बहुतेक ओटीजी मागे जास्त तापतात.

नंतर दर दहा मिनिटांनी, शेवटच्या पंधरा मिनिटांत दर पाच मिनिटांनी. आवाजावर लक्ष ठेवा. सुरुवातीला चणे ट्रेवर थप्प थप्प पडतात, होत आले की खडखड वाजतात. चणे एकमेकांवर चढलेले असतील तर हलवूनही उपयोग नाही. २०० ग्रॅमच्या चण्यांना ओटीजीचा एक पूर्ण ट्रे लागतो. दुप्पट केले तर दोन घाण्यांत भाजा.

गड्डा_यात्री
बटर पेपर की फॉइल?

कडक_भाकरी
काहीच नको, उघडा ट्रे. फार चिकटत असेल तर बटर पेपर. फॉइलच्या सुरकुत्यांत चणे अडकून बसतात, हलवताना उलटत नाहीत.

चाटी_गल्ली
माझा प्रश्न वेगळा. मला विकायला पाच किलो करायचेत. घरच्या ओटीजीत जन्म जाईल. बेकरीवाले ओव्हन देतील का?

सुताचा_गुंता
ताई, बेकरीचं दिवसाचं काम उरकल्यावर भट्टी उतरती असते, ती वेळ मागा. पाव-बटरचे मोठे ट्रे आणि हळूहळू कमी होणारी उष्णता, चण्यांना तेच हवंय. पण भट्टीचं तापमान आधी विचारा, आणि एक ट्रे लावून वजन करून बघितल्याशिवाय पाचही किलो शिजवू नका. शिजवलेला चणा उन्हाळ्यात इथे काही तासांत आंबतो.

तिखटजाळ
उन्हाळ्यात गच्चीवर वाळवले तर? एप्रिल-मे मध्ये ऊन फुकट आहे.

सुताचा_गुंता
दुपारी तास-दीड तास, वरून पातळ कापड घालून, चालतं. सकाळी घालून संध्याकाळी काढू म्हणाल तर बोटाला बुळबुळीत लागतील. तसे झाले तर भाजून वाचवायला जाऊ नका, टाकून द्या.

खमंग_सोलापूर
मसाल्याचं मी लिहिते. तिखट, लसूण पावडर, आमचूर सगळं शेवटी, चणे बाहेर काढल्यावर. तिखट ओव्हनमध्ये काळं पडतं. चणे गरम असतानाच अर्धा चमचा तेल, मग मिक्सरमधून बारीक केलेलं मीठ. जाड मीठ तळाशी जमतं. लिंबू पिळू नका, तेवढ्या रसानेही साल मऊ पडतं.

शेंगाचटणी लावायची असेल तर ती आधी चाळून घ्या. जाडसर कूट चण्याला चिकटत नाही, बारीक भुगा चिकटतो. चटणीत मीठ असतंच, वेगळं घालू नका. आणि चटणी लावलेले चणे परत ओव्हनमध्ये नको, लसूण करपतो.

चाटी_गल्ली
टिकतात किती?

कडक_भाकरी
पूर्ण गार झाल्यावर डब्यात भरा, कोमट भरले तर झाकणाला घाम येतो. कोरड्या हवेत आठवडाभर सहज. श्रावणात तीन दिवस धरा, मग १५० वर आठ-दहा मिनिटं परत तापवा.

खमंग_सोलापूर
शेंगाचटणी लावलेले परत तापवता येत नाहीत, त्यामुळे पावसाळ्यात चणे साधे ठेवा आणि चटणी खाताना लावा.

विजापूर_वेस
चाटी_गल्ली ताई, विकायला ठेवणार असाल तर मी १९० वर न थांबता आणखी पाच-सात ग्रॅम उतरवीन. पण मग कडक फार होतात, कवळीवाल्यांचं काय ते खमंगताईंनी सांगावं.

खमंग_सोलापूर
सोलून १९०. माझं तेच.