मुदतीत हप्ता भरूनही पॉलिसी 'लॅप्स', पुनरुज्जीवनाचा अर्ज कसा लिहू?

सायली_ठाणे: नवऱ्याची मुदत विमा पॉलिसी, वार्षिक हप्ता १८,४५० रुपये. देय तारीख १० जून होती, ८ जुलैला नेटबँकिंगने भरला. कंपनीच्या साइटवर पॉलिसी लॅप्स दिसते. पुन्हा पैसे भरायचे नाहीत. अर्जाचा मसुदा सुचवा.

डोंबिवलीकर: एजंटला सांगा, तो व्याजासकट भरून चालू करून देईल. माझी अशीच झाली, दोन दिवसांत.

सायली_ठाणे: पुन्हा भरायचे नाहीत असं वर लिहिलंय.

जुना_विमावाला: ताई, आधी 'पुनरुज्जीवन' हा शब्द अर्जातून काढा. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत मुदत असते, म्हणजे १० जुलैपर्यंत. ८ तारखेला पैसे पोचले असतील तर पॉलिसी बंद पडलीच नाही. तुम्ही मागायचं ते 'जमा रकमेचं हप्त्यात समायोजन आणि लॅप्स नोंद रद्द'. पुनरुज्जीवन मागितलंत की तब्येतीचं घोषणापत्र आणि व्याज मागतील. शिवाय माहिती लपवली म्हणून हरकत घ्यायची तीन वर्षांची मुदत (विमा कायदा, कलम ४५) पुनरुज्जीवनाच्या तारखेपासून नव्याने मोजली जाते.

रानफूल: सवलत मुदत १५ दिवसांचीच असते. हुकली तुमची.

जुना_विमावाला: १५ दिवस मासिक हप्त्याला. वार्षिकला ३०.

सायली_ठाणे: यांना एप्रिलमध्ये साखर निघाली. घोषणापत्रात लिहावं लागेल?

जुना_विमावाला: लागेलच, लपवू नका. त्यावरून जादा हप्ता लावू शकतात किंवा नकारही देतात. म्हणून आधी बँकेचं जुलैअखेरपर्यंतचं स्टेटमेंट काढा. रक्कम गेल्यानंतर परत जमा झालेली नाही ना, ते बघा. परत आली असेल तर हप्ता भरलाच गेला नाही, मग पुनरुज्जीवनच. आली नसेल तर बँकेकडून त्या व्यवहाराचा यूटीआर क्रमांक घ्या. भरताना पॉलिसी क्रमांकाचा एखादा आकडा चुकला की पैसे कंपनीकडे पोचतात, पण कुठल्याच पॉलिसीवर चढत नाहीत. बहुतेक घोळ इथेच असतो.

डोंबिवलीकर: स्क्रीनशॉट पुरे की.

जुना_विमावाला: स्क्रीनशॉटवर पैसे परत आले का ते कळत नाही. बँकेच्या शिक्क्याचं स्टेटमेंट जोडा. मजकूर एवढाच:

'पॉलिसी क्र. ___, देय तारीख १० जून. हप्ता रु. १८,४५० सवलत मुदतीत ८ जुलै रोजी भरला, यूटीआर क्र. ___. स्टेटमेंट सोबत जोडले आहे. रक्कम समायोजित करून लॅप्सची नोंद रद्द करावी व पावती द्यावी. ही विनंती पुनरुज्जीवनाची नाही.'

सही नवऱ्याची. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा, तक्रार क्रमांक मिळतो.

रानफूल: मीही हेच म्हणणार होते, ईमेल करा. शाखेत कागद हरवतात.

सायली_ठाणे: स्टेटमेंट काढलं. पैसे परत आलेले नाहीत, पण पावतीवर पॉलिसी क्रमांकातले शेवटचे दोन आकडे उलटे पडलेत. ईमेलची वाट बघत नाही. सोमवारी दोघं शाखेतच जाऊन अर्ज देतो आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतो.

जुना_विमावाला: मग अर्जात चुकीचा आणि बरोबर, दोन्ही क्रमांक लिहा. चुकीच्या क्रमांकाची पॉलिसी खरंच कुणाची असली तर रक्कम तिच्यावर चढली असेल, तेही विचारा.