मदत हवी आहे: हाताला ताकद पुरेपूर आहे, तरी हात कपाच्या पलीकडे जातो (लहान मेंदूचा पेशंट)

अनघा_फिजिओ
नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात फिजिओथेरपीची इंटर्नशिप करते. ओपीडीत कागलकडचे एक काका येतात, वय ५४. लहान मेंदूच्या उजव्या बाजूचा रक्तपुरवठा बंद पडून सहा आठवडे झालेत. उजव्या हाताची ताकद पाचपैकी पाच. स्पर्श नीट कळतो. डोळे मिटून बोट वर वाकवलंय की खाली, तेही बरोबर सांगतात.

पण चहाचा कप घ्यायला हात पुढे केला की तो कपाच्या पलीकडे जातो आणि कप ढकलला जातो. मग हात मागे, परत पुढे, आणि कप जवळ येईल तशी थरथर वाढते. हात मांडीवर असला की काहीच नाही. डावा हात एकदम ठीक.

दोन गोष्टी अडतात. ताकद आणि संवेदना शाबूत असताना नेम चुकतोच का? आणि काका हल्ली आधी खांदा, मग कोपर, मग मनगट असं तुकड्यातुकड्यानं हात नेतात. ती सवय मोडायची की राहू द्यायची?

पंचगंगाकाठ
ताई, हा तोल जाण्याचा आजार आहे. लहान मेंदू म्हणजे बॅलन्स. काकांना पाय जुळवून उभं करा आणि डोळे मिटायला सांगा. पडायला लागले की लहान मेंदूचा दोष पक्का. आणि उजवीकडं मार बसला तर डावा हात बिघडायला पाहिजे ना? रिपोर्टमध्ये बाजू चुकली नाही ना, ते एकदा बघा.

मज्जातंतू_राजारामपुरी
पंचगंगाकाठ, तोलाचा संबंध आहेच, विशेषतः लहान मेंदूचा मधला पट्टा बिघडला की. तिथं मार बसला तर माणूस पाय फाकून चालतो आणि बसल्या जागीही डोलतो. काकांचा बिघाड बाजूच्या भागात आहे, म्हणून तक्रार हाताची आहे.

डोळे मिटायच्या चाचणीचा अर्थ मात्र वेगळा. डोळे उघडे असताना स्थिर आणि मिटल्यावर पडतो, तर पायाकडून येणारी खबर तुटलेली असते, उदाहरणार्थ बी-१२ च्या कमतरतेत. लहान मेंदूच्या पेशंटला पाय जुळवून उभं राहणं डोळे उघडे ठेवूनही जड जातं.

बाजूचंही तसंच. रिपोर्ट बरोबर आहे. लहान मेंदूकडून निघालेली वाट वर जाताना एकदा बाजू बदलते आणि मोठ्या मेंदूकडून खाली येणारी वाट पुन्हा बदलते. दोनदा ओलांडल्यामुळं उजवा लहान मेंदू उजव्याच हाताचा राहतो.

आता अनघाताईंचा मूळ प्रश्न. कप ३० सेंटिमीटरवर आहे आणि हात अर्ध्या सेकंदात पोचतो असं धरा. सरासरी वेग सेकंदाला ६० सेंटिमीटर. पण हात सावकाश सुटतो, मध्ये वेग घेतो आणि शेवटी मंदावतो, त्यामुळं मधला वेग ११० च्या घरात जातो. हात पुढे नेताना ट्रायसेप्स कोपर उघडतो आणि थांबवायला बायसेप्सनं ब्रेक लावावा लागतो. हा ब्रेक हात कपाशी पोचल्यावर लावून चालत नाही, आधीच सुटावा लागतो. डोळ्यांनी बघून, मेंदूनं ठरवून, स्नायूपर्यंत दुरुस्ती पोचायला सेकंदाचा दहावा भाग किंवा जास्तच जातो. तेवढ्यात हात दहाएक सेंटिमीटर पुढे गेलेला असतो.

म्हणून मेंदू हाताच्या स्थितीचा अंदाज आधीच बांधतो, आणि हे काम लहान मेंदूचं. निघालेल्या हुकुमाची एक नक्कल त्याच्याकडे येते. त्यावरून हात कुठं असेल हे ताडून तो ब्रेकची वेळ ठरवतो. काकांचा ब्रेक ५० मिलिसेकंद जरी उशिरा लागला, तरी त्या वेगात हात पाच-साडेपाच सेंटिमीटर पुढे जातो. कप ढकलला जायला तेवढं पुरेसं आहे. ताकद तपासताना तुम्ही स्नायूचा जोर मोजता. तो कधी लागतो हे त्या चाचणीत दिसतच नाही.

थरथरही त्यातूनच येते. पुढे गेलेला हात बघून काका मागे ओढतात, ती दुरुस्तीही उशिरा थांबते, मग परत पुढे. जवळ येताना बारीक दुरुस्त्या जास्त लागतात, म्हणून थरथर लक्ष्यापाशी वाढते आणि मांडीवर नसते.

तालीमवाला
आमच्याकडं तालमीत हे लगेच कळेल. जोर लावून धरलेला हात जोडीदारानं अचानक सोडला तर पैलवानाचा हात थोडा जातो आणि थांबतो. या पेशंटचा थांबत नसणार. बरोबर का?

मज्जातंतू_राजारामपुरी
अगदी बरोबर, ही चाचणी खरोखर करतात. पेशंटला कोपर वाकवून स्वतःकडे ओढायला सांगायचं, तपासणाऱ्यानं मनगट धरून विरोध करायचा आणि एकदम सोडायचं. निरोगी माणसाचा ट्रायसेप्स लगेच हात थांबवतो. काकांचा हात त्यांच्याच तोंडावर आदळेल. म्हणून अनघाताई, तुमचा दुसरा हात आधीच त्यांच्या चेहऱ्यासमोर आडवा ठेवा. चष्मा काढून घ्या.

शाहूपुरीकर
माझ्या वडिलांचा हात टीव्ही बघताना मांडीवर थरथरतो, बोटं गोळी वळल्यासारखी हलतात. पेला उचलला की थांबतो. हा पण लहान मेंदूच का? वजनाचा पट्टा बांधू का मनगटाला?

मज्जातंतू_राजारामपुरी
शाहूपुरीकर, तुमचं वर्णन नेमकं उलटं आहे. विसाव्यात थरथर आणि काम करताना कमी, हे चित्र पार्किन्सनकडे बोट दाखवतं, लहान मेंदूकडे नाही. न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, पट्टा बांधू नका. जाताना त्यांच्या चालू औषधांच्या सगळ्या पट्ट्या सोबत न्या. उलटी थांबवण्याच्या आणि मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनीही अशी थरथर येते.

अनघा_फिजिओ
धन्यवाद सर. मी काकांनी आधी स्वतःच्या नाकाला, मग माझ्या बोटाला बोट लावायची चाचणी केली होती, पण फारसा दोष दिसला नाही. कपाच्या वेळी मात्र एवढा दिसतो. माझं काय चुकलं?

मज्जातंतू_राजारामपुरी
बहुतेक तुमचं बोट फार जवळ होतं. बोट एवढ्या अंतरावर ठेवा की तिथं पोचायला काकांना कोपर जवळजवळ पूर्ण उघडावा लागेल. जवळच्या लक्ष्याला ब्रेक कमी लागतो आणि दोष लपतो.

मोजायचं असेल तर लहान मेंदूचा दोष गुणांत मोजणाऱ्या सारा स्केलमधला बोटाचा पाठलाग करा. समोरासमोर बसा. तुमचं बोट त्यांच्या पोचेच्या साधारण अर्ध्यावर धरा आणि पाच वेळा अचानक, झटकन हलवा. दिशा त्यांना आधी कळता कामा नये. प्रत्येक वेळी सुमारे ३० सेंटिमीटर, दर दोन सेकंदांना एकदा. त्यांनी आपल्या तर्जनीनं पाठलाग करायचा. शेवटच्या तीन हालचालींची सरासरी बघायची: चूक पाच सेंटिमीटरच्या आत असेल तर १ गुण, पंधराच्या आत २, पंधरापेक्षा जास्त ३, पाच हालचाली जमल्याच नाहीत तर ४. दोन्ही हातांचे गुण वेगळे लिहा.

तुकड्यातुकड्यानं हात नेण्याबद्दल: ती सवय मोडू नका. खांदा वेगानं पुढे गेला की कोपराखालचा हात आपोआप झोकांडतो, कारण तो सांध्याला लटकलेला आहे. त्या झोक्याचा हिशेब लहान मेंदू आधीच करून कोपराला सावरतो. एमी बॅस्टियन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं की लहान मेंदूच्या पेशंटना हा झोकाच सावरता येत नाही. एका वेळी एकच सांधा हलवला, तोही सावकाश, तर झोका जवळजवळ उरत नाही. काकांनी ही युक्ती आपोआप शोधली आहे.

वाचक_ताराराणी
एक जुनी गोष्ट इथं जोडते. पहिल्या महायुद्धात गोळी लागून लहान मेंदू जखमी झालेल्या सैनिकांना गॉर्डन होम्स या डॉक्टरांनी तपासलं, १९१७ मध्ये लिहूनही ठेवलं. उजवी बाजू जखमी असलेल्या एका पेशंटनं त्यांना सांगितलं होतं की डावा हात मनाशी न ठरवता चालतो, उजव्याची मात्र एकेक हालचाल विचार करून करावी लागते. काकांना विचारून बघा, कदाचित तेच म्हणतील.

शंका एकच. लहान मेंदू चुकीवरून शिकतो म्हणतात. मग सराव करून काका सुधारतील कसे, शिकण्याची जागाच जखमी असेल तर?

मज्जातंतू_राजारामपुरी
ताराराणीताई, अडचणीचं मूळ तिथंच आहे. प्रिझमचा चष्मा लावून निशाण्यावर चेंडू टाकायचा प्रयोग घ्या. चष्म्यानं निशाणा बाजूला सरकलेला दिसतो, त्यामुळं पहिले नेम चुकतात. निरोगी माणूस दहा-तीस फेकींत सावरतो. चष्मा काढला की तो उलट्या बाजूला चुकतो, म्हणजे शिकलेलं हातात बसलं होतं. लहान मेंदूचे बरेच पेशंट सावरतही नाहीत आणि उलटे चुकतही नाहीत.

चुकीची खबर ऑलिव्ह नावाच्या गाठीतून येते. तिथून निघालेला एक तंतू एका मोठ्या पर्किंजे पेशीला वेढतो आणि चूक झाली की तिला हलवतो. त्या वेळी त्या पेशीवर चालू असलेली जोडणी कमकुवत होते, म्हणजे पुढच्या वेळी तोच हुकूम तसाच सुटत नाही. ही कल्पना डेव्हिड मार आणि जेम्स आल्बस या शास्त्रज्ञांनी १९६९ ते ७१ दरम्यान मांडली.

पंचगंगाकाठ
पण तो मुद्दा सुटलेला नाही ना? २०११ मध्ये जोडणी कमकुवत होण्याची सोयच बंद केलेल्या उंदरांवर काम झालं होतं. ते उंदीर तरीही शिकले. मी बाजूबद्दल चुकलो होतो, पण हे वाचलेलं नक्की आठवतं.

मज्जातंतू_राजारामपुरी
बरोबर आठवतं तुम्हाला. एकाच ठिकाणी शिकणं होत नाही, इतकं तरी त्यातून दिसतं. उरलेल्याबद्दल वाद चालूच आहे.

काकांसाठी कामाचं हे: चूक किती झाली हे दाखवण्यापेक्षा फक्त "जमलं" किंवा "नाही जमलं" एवढंच सांगून काही पेशंट शिकले आणि ते शिकलेलं जास्त टिकलं, असं २०१६ मध्ये दिसलं. हाच मार्ग काकांच्या सरावाला लावून बघता येईल. टेबलावर उजवं कोपर टेकवा, जेणेकरून खांदा हिशेबातून जाईल. स्टीलचा पेला अर्धा भरा, बुडाशी ओलं फडकं ठेवा म्हणजे पेला सरकणार नाही. भोवती आधी रुंद वर्तुळ काढा, बोट त्यात थांबलं की "जमलं" म्हणा. दहापैकी सात-आठ जमू लागले की वर्तुळ लहान करा. मर्यादाही सांगतो: ज्यांचा हात मुळातच फार विस्कळीत हलतो, त्यांचा या पद्धतीत फायदा कमी होतो.

तालीमवाला
मग मनगटाला वजन? आमच्याकडं सगळ्यांना हात स्थिर करायला तेच सुचतं.

मज्जातंतू_राजारामपुरी
तिथं माझं मत सावध आहे. काहींची थरथर वजनानं कमी होते. पण हात जड झाला की थांबवायला ब्रेकही मोठा लागतो, त्यामुळं झटक्याच्या हालचालीत पलीकडे जाणं वाढू शकतं. अनघाताई, अर्ध्या किलोपासून सुरू करा. वजनाशिवाय आणि वजनासह प्रत्येकी दहा वेळा पेला उचलायला सांगून किती वेळा पाणी सांडलं ते लिहा. पट्टा काढल्यावर पुन्हा दहा वेळा मोजा. फरक नसेल तर पट्टा बाजूला ठेवा.

अनघा_फिजिओ
आज मोजलं. पाठलागात उजवा २, डावा ०. सोडून द्यायच्या चाचणीत हात माझ्या पंजावर आपटला, बरं झालं आधी आडवा धरला होता. वजनाशिवाय दहापैकी सहा वेळा सांडलं, अर्ध्या किलोसह पाच वेळा, पट्टा काढल्यावर सात. एवढ्यावरून काही म्हणता येत नाही, म्हणून परवा पुन्हा मोजते. काकांना विचारलं, तर म्हणाले, "डावा हात माझा आहे, उजव्याला सांगावं लागतं."

एक राहिलं. काकांचं बोलणंही तुटक झालंय, शब्दाचं एकेक अक्षर सुटं पडतं. तीही ब्रेकच्या वेळेचीच भानगड आहे का, की वेगळं काही?