अनुभव धागा: परदेशी हॉस्पिटलसाठी नर्सचा रेझ्युमे

पेडण्याची पोर: म्हापशाला खाजगी हॉस्पिटलात आयसीयूत आहे, ब्रिटनला अर्ज करायचाय. माझ्या रेझ्युमेवर फोटो, वडिलांचं नाव, जन्मतारीख, आणि खाली 'स्टाफ नर्स, आयसीयू, ३ वर्षं' एवढंच. तुम्ही तुमचा कसा बदललात?

सुमनताई, लीड्स: फोटो, जन्मतारीख, लग्नाचा रकाना, सगळं काढ. ती आयसीयूची ओळ मात्र उलगडून लिही. माझ्या भाचीने लिहिलं होतं: '१० खाटांचं मेडिकल-सर्जिकल आयसीयू. पाळीला २ पेशंट, त्यांतला एक बहुधा व्हेंटिलेटरवर. आर्टीरियल लाइनमधून एबीजीचं सॅम्पल. लेखी ऑर्डरप्रमाणे नॉरअ‍ॅड्रेनलिन कमी-जास्त.' मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, व्हेंटिलेटरची सेटिंग तू बदलतेस का? आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती डॉक्टर बदलतात. म्हणून 'व्हेंटिलेटर हाताळते' असं मोघम नको. सक्शन, निरीक्षण, अलार्म वाजल्यावर तू काय करतेस, ते लिही.
रजिस्ट्रेशनला कौन्सिलचं नाव, नंबर आणि कधीपर्यंत वैध. एनएमसीचा, म्हणजे ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलचा, नोंदणीचा पिन नसेल तर 'सीबीटी पास, ओएससीई बाकी' असं सरळ लिही, म्हणजे संगणकावरची परीक्षा झाली, प्रात्यक्षिक राहिलंय हे कळतं. पिनची जागा रिकामी ठेवलीस तर वाचणाऱ्याला वाटतं, काही सुरूच केलेलं नाही.

दुबईवाला: फोटो काढू नका हो! मी फोटो, पासपोर्ट नंबर सगळं टाकलं आणि नोकरी लागली. परदेशात तसंच लागतं. तारखा मात्र सांभाळा. कागदपत्रं पडताळणारे डेटाफ्लोवाले थेट हॉस्पिटलला विचारतात. अनुभवपत्रावर १६ जून आणि रेझ्युमेवर १ जून असेल तर फाइल अडकते. एचआरकडून पत्र हातात घ्या, मगच तारखा टाइप करा.

सुमनताई, लीड्स: दादा, ते गल्फचं. जर्मनीतही पुष्कळजण फोटो लावतात. ब्रिटनला नको. तारखांचं मात्र सोळा आणे खरं.

फोंडेकर: बायको बेळगावला शिकली. आधी कर्नाटकात नोंदणी, मग गोव्याची. शिवाय सर्टिफिकेटवर माहेरचं आडनाव, पासपोर्टवर आमचं. तिला केअररचा व्हिसा मिळेल का?

सुमनताई, लीड्स: व्हिसाचा वेगळा धागा काढा. नोंदण्या दोन्ही लिहा, जुनी आधी. जिथं जिथं नोंदणी झाली तिथल्या कौन्सिलकडून पडताळणी मागतात, लपवलेली नंतर उघडी पडते. वर नाव पासपोर्टप्रमाणे, त्याखाली 'पूर्वीचं नाव' अशी एक ओळ, सोबत विवाहाचा दाखला.

मडगावची सिस्टर: माझं जुनं हॉस्पिटलच बंद पडलं. पत्र आहे, पण फोन उचलायला कोणी नाही. अनुभव गाळावा तर मध्येच दोन वर्षांचं भगदाड!

दुबईवाला: पगाराच्या स्लिपा, पीएफचं पासबुक जोडा.

मडगावची सिस्टर: पीएफ कापायचेच नाहीत हो तिथे. तेव्हाच्या मेट्रनबाई आता दुसरीकडे आहेत. त्यांचं सहीचं पत्र चालतं का? कोणी असं देऊन पाहिलंय?